जुना फ्लॅगशिप की नवा बजेट फोन: गेमसाठी कोणता सरस?

दहा ते पंधरा हजार रुपयांत गेम खेळण्यासाठी फोन घ्यायचा ठरला, की भारतीय बाजारात दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे दुकानातला सीलबंद नवा बजेट फोन. दुसरा म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी पन्नास हजारांच्या आसपास विकला गेलेला आणि आता वापरून झाल्यावर याच किमतीत मिळणारा एखाद्या कंपनीचा सर्वोच्च श्रेणीतला, म्हणजे फ्लॅगशिप फोन. पहिल्याला वॉरंटी असते, नवी बॅटरी असते, पुढची काही वर्षे अपडेट येतात. दुसऱ्याची चिप मुळात महागड्या फोनसाठी घडवलेली असते. यांतले काय कोणत्या परिस्थितीत भारी पडते, हे दोन खऱ्या फोनांची शेजारी शेजारी तुलना केली की नीट कळते.

जुन्या फोनांच्या बाजूने येथे सॅमसंग गॅलक्सी एस 20 एफई 5जी घेतला आहे. 2021 च्या मार्चमध्ये तो भारतात 55,999 रुपये किमतीला दाखल झाला. त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 865 ही चिप, 8 जीबी रॅम आणि 4,500 एमएएच बॅटरी आहे. नव्याच्या बाजूने मीडियाटेकची डायमेन्सिटी 6300 ही चिप असलेला फोन घेतला आहे. ही चिप 2024 मध्ये आली आणि त्यानंतर निघालेल्या अनेक स्वस्त 5जी फोनांत ती बसवली गेली. गेम म्हणून बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, कारण स्वस्त फोन घेणारे असंख्य तरुण तोच डोळ्यांपुढे ठेवून फोन निवडतात.

फ्रेम आणि वेळेचे गणित

गेममधले चित्र हलते दिसते, ते एकामागून एक स्थिर चित्रे भराभर दाखवल्यामुळे. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम तयार करायला फोनला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. 40 फ्रेम पुरेशा असतील तर 25 मिलिसेकंद मिळतात आणि 90 हव्या असतील तर अवघे 11. एखादी फ्रेम वेळेत तयार झाली नाही, तर आधीचेच चित्र पडद्यावर थोडे जास्त वेळ राहते आणि खेळणाऱ्याला झटका जाणवतो. यालाच मुले 'लॅग' म्हणतात. खरे तर लॅग नेटवर्कमुळेही येतो, पण तो वेगळा. त्यात चित्र गुळगुळीत हलत राहते आणि केवळ समोरचा खेळाडू उड्या मारल्यासारखा सरकतो. फोन बदलून हा दुसरा लॅग जात नाही.

फ्रेम तयार करण्याचे काम चिपमधले दोन विभाग वाटून घेतात. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडले की नाही, हा हिशेब मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू करतो. त्यावरून रंग, सावल्या आणि प्रकाशासह प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू करतो. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्या वेगाने गेम चालतो. बीजीएमआयमध्ये विमानातून उतरताना किंवा पन्नास मीटरच्या आत तीन-चार पथके एकमेकांना भिडतात तेव्हा भार अचानक वाढतो. फोनची खरी परीक्षा तेव्हाच होते. मोकळ्या मैदानात पळताना दिसणाऱ्या फ्रेमवरून फोनची पारख करता येत नाही.

नव्या चिपमधले जुने भाग

दोन्ही चिपांच्या जाहिरातीत 'ऑक्टा-कोर' हा एकच शब्द असतो आणि दोन्हींत खरोखरच आठ कोर आहेत. फरक आहे तो कोरच्या जातीत. डायमेन्सिटी 6300 मध्ये दोन मोठे कोर आहेत, उरलेले सहा लहान. मोठ्या कोरची रचना कॉर्टेक्स-ए76 ही आर्म कंपनीने 2018 मध्ये जाहीर केली होती. स्नॅपड्रॅगन 865 मध्ये चार मोठे कोर आहेत आणि त्यांची रचना कॉर्टेक्स-ए77 ही त्यानंतरची, 2019 ची आहे. म्हणजे 2024 च्या बजेट चिपचा मुख्य कोर 2019 अखेरच्या फ्लॅगशिप चिपमधल्या कोरपेक्षा एक पिढी जुना आहे. यात फसवणूक नाही. नव्या रचनेचे कोर सिलिकॉनवर जास्त जागा घेतात आणि जागा वाढली की चिपची किंमत वाढते. म्हणून स्वस्त चिप बनवताना आजमावलेली जुनी रचना घेतात आणि त्याभोवती नवा 5जी मोडेम बसवतात.

या फरकाचा परिणाम असा, की एका कोरच्या कामात जुनी फ्लॅगशिप चिप साधारण दीडपट वेगवान ठरते. गेमचा हिशेब बऱ्याच अंशी एका-दोन मोठ्या कोरवरच चालतो. त्यामुळे बाकीचे सहा लहान कोर जाहिरातीत कितीही शोभले तरी गर्दीच्या चकमकीत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

जीपीयूमध्ये अंतर याहून मोठे आहे. डायमेन्सिटी 6300 मध्ये माली-जी57 या जीपीयूचे दोनच कोर आहेत. स्नॅपड्रॅगन 865 मधला अॅड्रिनो 650 हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम जीपीयूंपैकी होता. ग्राफिक्सच्या प्रचलित चाचण्यांत तो साधारण तिप्पट काम करतो. 2024 मधला नवेपणा हे अंतर भरून काढत नाही, कारण स्वस्त चिपमध्ये कपात पहिल्यांदा होते ती जीपीयूच्या कोरसंख्येतच. कॉल, व्हॉट्सअॅप, व्हिडिओ यांसाठी दोन कोर भरपूर होतात. गेम वगळता ही कपात कुठेच जाणवत नाही.

एक गोष्ट मात्र बजेट फोनच्या पथ्यावर पडते. यांतल्या अनेक फोनांचा पडदा 1600 गुणिले 720 बिंदूंचा असतो, तर एस 20 एफईचा 2400 गुणिले 1080 बिंदूंचा. म्हणजे स्वस्त फोनला निम्म्याहून कमी बिंदू रंगवावे लागतात. चित्र जरा भरड दिसते, पण जीपीयूवरचा भारही तेवढाच हलका होतो. म्हणूनच फ्री फायरसारखा हलका गेम बजेट फोनवर चांगला चालतो आणि तेवढ्यासाठी जुना फ्लॅगशिप शोधत बसण्याचे कारण नाही. पडद्यावर '120 हर्ट्‌झ' लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ एवढाच की पडदा सेकंदाला 120 चित्रे दाखवू शकतो. ती चित्रे तयार करण्याची ताकद चिपकडे नसेल, तर गेममध्ये त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

याशिवाय बीजीएमआयमध्ये कोणत्या मॉडेलला किती फ्रेमचा पर्याय द्यायचा, हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. ग्राफिक्सच्या यादीत High म्हणजे 30, Ultra म्हणजे 40 आणि Extreme म्हणजे 60 फ्रेम. त्यापुढे 90 आणि 120 चे पर्याय निवडक फोनांना मिळतात. अनेक बजेट फोनांवर ही यादी 40 पाशी थांबते. त्यामुळे कोणताही फोन घेण्यापूर्वी त्याच मॉडेलवर गेम उघडून ही यादी पाहणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

रॅम आणि साठवण

चिपला चित्राचा कच्चा माल रॅममधून सतत लागतो. फ्लॅगशिप फोनात ही ये-जा रुंद रस्त्यावरून होते, बजेट फोनात अरुंद रस्त्यावरून. स्नॅपड्रॅगन 865 रॅममधून सेकंदाला 44 जीबीपर्यंत माहिती उचलू शकतो. बजेट चिपांमध्ये हा आकडा साधारण 17 जीबीच्या आसपास असतो. जीपीयू रिकामा बसून माहितीची वाट पाहत असेल, तर त्याची ताकद वाया जाते.

साठवणुकीतला फरक गेम सुरू करताना आणि नकाशाचा नवा भाग समोर येताना दिसतो. एस 20 एफईमध्ये यूएफएस 3.1 प्रकारची साठवण आहे. चांगल्या बजेट फोनात यूएफएस 2.2 असते, तर सर्वांत स्वस्त फोनांत अजूनही ईएमएमसी 5.1. ईएमएमसी सेकंदाला सुमारे 300 एमबी वाचते आणि यूएफएस 2.2 त्याच्या तिपटीहून जास्त. ईएमएमसी असलेल्या फोनवर विमानातून उतरल्यावर घरे काही क्षण मातीच्या ठोकळ्यांसारखी दिसतात, भिंती-खिडक्या मागाहून उमटतात. तोवर समोरच्याने बंदूक उचललेली असते. खोक्यावर '6 + 6 जीबी रॅम' असे लिहिले असेल, तर त्यातली दुसरी 6 जीबी ही साठवणुकीतलीच उसनी जागा असते. ती मागे पडलेली अॅप जिवंत ठेवायला थोडी मदत करते, गेमचा वेग वाढवत नाही.

विसाव्या मिनिटाला काय होते

येथवर जुन्या फोनाचे पारडे जड दिसते. पण हे सगळे आकडे थंड फोनचे आहेत. गेम मात्र सलग अर्धा-पाऊण तास चालतो आणि फोनात पंखा नसतो. आतली उष्णता काचेतून आणि पाठीतून हवेत जाते, तेवढाच मार्ग. हातात धरवेल एवढेच तापमान ठेवायचे, तर साधारण तीन ते चार वॉटपेक्षा जास्त उष्णता फोन सतत बाहेर टाकू शकत नाही. चिपने त्याहून जास्त वीज खाल्ली की तापमान चढत जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. तंत्रज्ञ याला थ्रॉटलिंग म्हणतात. काही फोन त्याच वेळी पडद्याचा उजेडही कमी करतात.

म्हणून तुलना पहिल्या मिनिटाची न करता विसाव्या मिनिटाची करावी लागते. बजेट चिपची कामगिरी 100 धरली, तर 865 ची सुरुवात साधारण 300 ने होते. तापल्यावर तिची कामगिरी तीस टक्क्यांनी घसरली तरी 210 उरते. बजेट चिप मुळातच कमी वीज खाते, त्यामुळे ती फारशी घसरत नाही आणि 95 च्या आसपास टिकते. अंतर तिपटीवरून दुपटीवर आले, पण मिटले नाही.

यातला आणखी महत्त्वाचा भाग असा, की जुन्या फोनला त्याची सगळी ताकद वापरायला लावण्याची गरजच नसते. चिपची वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी विजेची फार मोठी किंमत मोजावी लागते. उलट मोठा जीपीयू निम्म्या वेगाने चालवला, तर तो खूपच कमी तापतो. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स Smooth आणि फ्रेम 60 वर ठेवल्या, तर अॅड्रिनो 650 ला धाप लागत नाही आणि अर्ध्या तासानंतरही 60 फ्रेम टिकण्याची शक्यता चांगली राहते. तेच काम करताना दोन कोरचा माली सतत कमाल वेगावर धावत असतो आणि चकमकीच्या क्षणी द्यायला त्याच्याकडे काही शिल्लक नसते. जुन्या फ्लॅगशिपचा खरा फायदा या शिल्लक ताकदीत आहे. जो खेळाडू ती 'अल्ट्रा एचडी' ग्राफिक्सवर उधळतो, त्याला तो फायदा मिळत नाही.

हवेच्या तापमानाचाही यात मोठा वाटा आहे. बहुतेक उत्पादक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. तेव्हा फोनची पाठ आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात फरकच उरत नाही आणि उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग जवळपास बंद होतो. अशा दुपारी कोणताही फोन, जुना असो वा नवा, आपल्या आकड्यांना जागत नाही. चार्जर लावून खेळल्यास बॅटरीची स्वतःची उष्णता त्यात मिळते. जाड कव्हर काढणे आणि पंख्याखाली बसणे एवढ्यानेही फरक पडतो.

प्रत्येक फ्लॅगशिप घेण्याजोगा नाही

'जुना फ्लॅगशिप' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या चिपा येतात. स्नॅपड्रॅगन 865 आणि तिचीच थोडी वेगवान केलेली 870 या तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात बनल्या आणि त्या उष्णतेच्या बाबतीत समंजस निघाल्या. त्यानंतरची 888 आणि 2022 च्या फोनांतली 8 जेन 1 या सॅमसंगच्या कारखान्यात बनल्या. कागदावर त्या जास्त वेगवान आहेत, पण भाराखाली लवकर तापतात आणि मोठी घसरण घेतात. पहिल्या मिनिटाला 888 पुढे असते, विसाव्या मिनिटाला ती 865 च्या जवळपास येऊन ठेपते आणि तोवर फोन हातात धरवत नाही. 2022 च्या मध्यात आलेली 8 प्लस जेन 1 पुन्हा टीएसएमसीकडे बनली आणि ही तक्रार बरीच मिटली. 2022 च्या अखेरीस जाहीर झालेली 8 जेन 2 त्याहूनही चांगली आहे. त्यामुळे वर्षाच्या आकड्यावर न जाता चिपच्या नावावर जावे.

एस 20 एफईच्या बाबतीत तर एकाच नावाखाली दोन चिपा विकल्या गेल्या. 2020 मध्ये भारतात आलेल्या 4जी फोनात सॅमसंगची स्वतःची एक्झिनॉस 990 ही चिप होती. ती जास्त तापते आणि गेममध्ये मागे पडते. वापरलेला फोन घेताना सेटिंगमध्ये मॉडेल क्रमांक पाहावा. SM-G781B म्हणजे स्नॅपड्रॅगनचा 5जी फोन, SM-G780G म्हणजे स्नॅपड्रॅगनचाच 4जी फोन आणि SM-G780F म्हणजे एक्झिनॉस. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

बॅटरीचे वय

जुन्या फोनातली चिप झिजत नाही, बॅटरी झिजते. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जबरोबर थोडी क्षमता गमावते. अॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन 14 आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्के क्षमता राखेल अशी रचना असते. रोज एक चार्ज धरला तर 500 चा आकडा दीड वर्षातच ओलांडला जातो. चार-पाच वर्षे वापरलेल्या फोनची मूळ बॅटरी या टप्प्याच्या बरीच पुढे गेलेली असणार, असेच धरून चालावे.

याचा हिशेब सोपा आहे. एस 20 एफईच्या नव्या बॅटरीत साधारण 17 वॉट-तास ऊर्जा मावते. पडद्यासकट गेम साडेचार वॉट खात असेल, तर ती पावणेचार तास पुरते. क्षमता 80 टक्क्यांवर आली की तेच तीन तास होतात. नव्या बजेट फोनच्या 5,000 एमएएच बॅटरीत सुमारे 19 वॉट-तास असतात आणि चिप कमी खाणारी असल्यामुळे गेम तीन वॉटवर चालला, तर ती सहा तास जाते. एका चार्जवर किती वेळ खेळता येते, या एका कसोटीवर नवा फोन निर्विवाद जिंकतो.

वेळ कमी होणे हे त्यातले लहान नुकसान. जुन्या बॅटरीचा आंतरिक रोधही वाढलेला असतो. गेमने अचानक जास्त वीज मागितली की अशा बॅटरीचे व्होल्टेज खाली कोसळते. मग फोन चिपचा वेग कमी करून ते सावरतो, नाहीतर सरळ बंद पडतो. टक्केवारी 34 वरून एकदम 27 वर येणे, 15 टक्के शिल्लक असताना फोन बंद होणे आणि चार्जरला लावताच पुन्हा 12 दाखवणे, ही याची खूण आहे. पाठीचे झाकण किंवा पडदा एका कडेला किंचित उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली आहे आणि तो फोन कोणत्याही किमतीला घेऊ नये.

म्हणून वापरलेल्या फ्लॅगशिपच्या किमतीत अधिकृत सेवा केंद्रातून नवी बॅटरी बसवण्याचा खर्च आधीच धरावा. बॅटरी बदलली की वर वर्णन केलेली ताकद पूर्णपणे परत हाती येते. मात्र फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहिले आहे असे मानू नये.

नव्या फोनकडे काय असते

नव्या फोनला वर्षाची वॉरंटी असते आणि मदरबोर्ड गेला तरी पैसे बुडत नाहीत. जुन्या फोनाचा मदरबोर्ड किंवा अॅमोलेड पडदा गेला, तर दुरुस्तीचा खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे सहज जातो. 2020 ते 2022 च्या काही महागड्या अॅमोलेड फोनांच्या पडद्यावर अचानक उभी हिरवी रेघ उमटण्याची तक्रार भारतात मोठ्या प्रमाणावर झाली. ती रेघ आधी सूचना देऊन येत नाही आणि तिच्यावर पडदा बदलणे हाच इलाज आहे.

अपडेटचा मुद्दाही नव्या फोनच्या बाजूने जातो. एस 20 एफई अँड्रॉइड 10 वर आला आणि 13 वर थांबला. आता 2024 नंतरच्या काही बजेट फोनांना त्याहून लांबचे आश्वासन मिळते. गॅलक्सी ए 16 5जीला सॅमसंगने अँड्रॉइडच्या सहा आवृत्त्या देण्याचे जाहीर केले आहे. गेम स्वतः जुन्या अँड्रॉइडवर पुष्कळ वर्षे चालतात, त्यामुळे खेळण्यात याने लगेच अडचण येत नाही. अडचण येते ती सुरक्षिततेत. ज्या फोनला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेचे अॅप आणि यूपीआय ठेवणे शहाणपणाचे नाही. असा फोन खेळासाठी दुसरा फोन म्हणून ठीक, घरातला एकमेव फोन म्हणून नाही. जुन्या आयफोनची स्थिती येथे बरी आहे. 2019 च्या आयफोन 11 ला 2025 मध्ये आलेली आयओएस 26 ही मिळाली.

नवा फोन घेतानाही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासावी, ती म्हणजे जायरोस्कोप. फोन किंचित तिरका करून नेम धरण्याची सोय या सेन्सरवर चालते आणि बीजीएमआयचे अनेक चांगले खेळाडू ती वापरतात. फ्लॅगशिपमध्ये जायरोस्कोप असतोच. अनेक स्वस्त फोनांत तो नसतो किंवा दुसऱ्या सेन्सरवरून अंदाजाने चालवलेला असतो. त्यात नेम थरथरतो.

वापरलेला फोन हातात घेतल्यावर

तपासणीचा क्रम सुरू होतो फोनच्या ओळखीपासून. डायल पॅडवर `*#06#` दाबले की 15 अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. त्यानंतर `KYM`, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवावा. दूरसंचार विभागाच्या नोंदीत तो फोन काळ्या यादीत, नक्कल किंवा आधीच दुसऱ्याच्या वापरात असल्याचे उत्तर आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. विकणाऱ्याने त्याचे गूगल किंवा अॅपल खाते समोर काढून फोन रीसेट करून दिला पाहिजे, नाहीतर तो फोन नव्या मालकासाठी कुलूपबंद राहतो.

मग पडदा पाहावा. सॅमसंगमध्ये `*#0*#` दाबल्यावर तपासणीची पाने उघडतात. लाल, हिरवा, निळा असे एकरंगी पडदे पूर्ण उजेडात पाहिले, की जुन्या मालकाने वर्षानुवर्षे खेळलेल्या गेमची बटणे, नकाशाचा चौकोन यांचे फिकट डाग दिसतात. ते जात नाहीत. त्याच पानांतल्या स्पर्शाच्या चाचणीत बोट पडद्यावर सर्वत्र फिरवावे. कडेचा पट्टा बोटाला प्रतिसाद देत नसेल, तर बंदूक चालवण्याची बटणे नेमकी तिथेच येतात हे लक्षात ठेवावे.

शेवटी भाराची चाचणी घ्यावी. 3DMark या मोफत अॅपमधली Wild Life Stress Test एकच दृश्य एकेका मिनिटाच्या वीस फेऱ्यांत चालवते आणि सर्वांत कमी गुणांची फेरी सर्वोत्तम फेरीच्या किती टक्के राहिली ते सांगते. त्या वीस मिनिटांत फोनची चार्जिंग किती उतरते, तो मध्येच बंद होतो का, कॅमेऱ्याभोवतीचा भाग किती तापतो, हे सगळे एकदम कळते. स्थैर्य 70 टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. ते निम्म्याच्या खाली जात असेल, तर तो फोन गेमसाठी घेऊ नये. वीस मिनिटे थांबायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून फोन न घेतलेलाच बरा. नव्या फोनलाही हीच चाचणी सांगता येत नाही, पण दुकानातल्या नमुन्याच्या फोनवर गेम उघडून फ्रेमची यादी आणि जायरोस्कोप पाहायला कोणी आडकाठी करत नाही.

हिशेब आणि निष्कर्ष

समजा हाती 14,000 रुपये आहेत. यात डायमेन्सिटी 6300 चा नवा फोन येतो आणि तो तीन-चार वर्षे निर्धास्त चालेल. जुना फ्लॅगशिप 10,500 ला मिळाला आणि नवी बॅटरी 2,500 ला बसली, तर 1,000 रुपये हाती उरतात आणि वॉरंटी मात्र नसते. तो दोन वर्षे चालला तरी त्या दोन वर्षांत बीजीएमआय 60 फ्रेमवर, गर्दीच्या चकमकीतही, बऱ्यापैकी स्थिर मिळतो. नव्या फोनवर ती दोन वर्षे 40 फ्रेमवर काढावी लागण्याचीच शक्यता जास्त. वर्षाला पडणारा खर्च जुन्याचा जास्त, मिळणारा खेळ जुन्याचा सरस, असा हा सौदा आहे. विक्रेत्याची वॉरंटी असलेला रिफर्बिश्ड फोन घेतल्यास हजार-दीड हजार जास्त पडतात, पण जोखमीचा मोठा भाग त्यात उतरतो.

हे गणित वीस हजारांच्या पुढे उलटते. 2024 च्या जानेवारीत आलेल्या पोको एक्स 6 प्रोमध्ये डायमेन्सिटी 8300 अल्ट्रा ही चिप होती आणि त्याची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास होती. ही चिप 865 ला सर्वच बाबतींत मागे टाकते. या किमतीत कंपन्या खास वेगावर भर दिलेले फोन काढतात. त्यांत नवी बॅटरी, वॉरंटी आणि ताकद एकत्र मिळते, त्यामुळे जुन्या फ्लॅगशिपच्या मागे जाण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा निवाडा असा. पंधरा हजारांच्या आत, बीजीएमआय किंवा त्याहून जड गेम हा फोन घेण्याचा मुख्य हेतू असेल, तर 865, 870 किंवा टीएसएमसीकडे बनलेली त्यानंतरची चिप असलेला, नवी बॅटरी बसवलेला आणि वीस मिनिटांच्या चाचणीत टिकलेला जुना फ्लॅगशिप नव्या बजेट फोनला हरवतो. यांतली एकही अट पुरी होत नसेल, खेळ हलके असतील किंवा बँकेपासून अभ्यासापर्यंत सगळा भार त्याच एका फोनवर असेल, तर नवा बजेट फोनच घ्यावा.